भाडेकरारातील कलमाचे सुबोध लेखन

भाडेकरारातील कलमाचे सुबोध लेखन म्हणजे करारातील लांब व कायदेशीर परिभाषेतील कलम त्याचा अर्थ न बदलता साध्या भाषेत लिहिणे. प्रथमच घर भाड्याने घेणाऱ्या व्यक्तीस आपण काय करावयाचे, केव्हा करावयाचे आणि न केल्यास किती रक्कम द्यावी लागेल हे सही करण्यापूर्वी कळावे, हा त्याचा हेतू असतो. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईसारख्या शिक्षणाच्या ठिकाणी बाहेरगावाहून आलेले अनेक विद्यार्थी खोली घेताना असा करार प्रथमच वाचतात.

## कायदेशीर पार्श्वभूमी

बीड जिल्हा पूर्वी हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे मराठवाड्यात घरभाड्यासंबंधी हैदराबादचा १९५४ सालचा कायदा चालत असे. मुंबई व विदर्भ या विभागांचे कायदे निराळे होते. या सर्वांच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

आज खोलीसाठी बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुमती व परवाना पद्धतीचा करार केला जातो. व्यवहारात त्यालाही भाडेकरारच म्हणतात, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो भाडेपट्टा नव्हे. त्यात जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते. जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुदत संपल्यावर निवासी जागा सोडली नाही, तर अधिनियमाच्या कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकरणाकडे जाऊ शकतो आणि राहणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. अशा प्रकरणात लेखी करारातील मजकूर हा त्यातील गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून ‘मला तसे वाटले नव्हते’ हे सांगणे नंतर उपयोगी पडत नाही.

कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. असा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

## मूळ कलम

पुढील कलम उदाहरणासाठी तयार केले असून त्याची धाटणी प्रचलित करारांतील आहे. करार १ जुलैपासून ११ महिन्यांचा, शुल्क दरमहा ४,००० रुपये आणि अनामत रक्कम १२,००० रुपये आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

> लिहून घेणार यांनी पहिल्या सहा महिन्यांच्या बंधनकारक मुदतीपूर्वी सदरहू मिळकत सोडल्यास उर्वरित बंधनकारक मुदतीचे शुल्क देण्यास ते जबाबदार राहतील, तदनंतर उभयपक्षांपैकी कोणासही एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल, आणि मुदतीअंती वा तत्पूर्वी करार संपुष्टात आल्यास लिहून घेणार यांनी मिळकतीचा रिकामा कब्जा, नैसर्गिक झीज वगळता, पूर्वस्थितीत विनातक्रार द्यावा, तसे झाल्यावर लिहून देणार हे थकीत शुल्क, वीज देयक व नुकसानभरपाई वजा जाता अनामत रक्कम बिनव्याजी परत करतील. कब्जा देण्यास कसूर झाल्यास लिहून घेणार हे शुल्काच्या दुपटीने भरपाई देण्यास पात्र राहतील.

## अडखळण्याच्या जागा

या दोन वाक्यांत चार स्वतंत्र अटी आहेत. वाचणारा शेवटपर्यंत पोहोचतो तेव्हा पहिली अट त्याच्या लक्षात राहिलेली नसते. काही शब्दही फसवे आहेत. ‘लिहून घेणार’ म्हणजे राहणारा आणि ‘लिहून देणार’ म्हणजे मालक. नवख्या वाचकाकडून यांची हमखास अदलाबदल होते. बोलण्यात ‘कब्जा’ म्हणजे बळकावणे, येथे मात्र जागेचा ताबा. ‘पात्र’ हा शब्द एरवी लाभासाठी वापरतात. येथे त्याचा अर्थ ‘देणे लागेल’ असा आहे.

## पुनर्लेखन

प्रथम प्रत्येक अट वेगळी केली जाते. नंतर प्रत्येक वाक्यात कर्ता स्पष्ट लिहून मुदतीच्या जागी तारीख आणि प्रमाणाच्या जागी रक्कम घातली जाते. वरील कलम मग असे होते :

१. पहिले सहा महिने. भाडेकरूने ३१ डिसेंबरपूर्वी खोली सोडली, तर ३१ डिसेंबरपर्यंतचे राहिलेले शुल्क त्याला द्यावे लागेल. उदाहरणार्थ, ऑक्टोबरअखेर सोडल्यास दोन महिन्यांचे ८,००० रुपये.

२. त्यानंतर. १ जानेवारीपासून भाडेकरू किंवा मालक, कोणीही एक महिना आधी लेखी कळवून करार संपवू शकतो. तोंडी सांगणे पुरेसे नाही.

३. खोली सोडताना. ३१ मे रोजी, किंवा करार आधी संपल्यास त्या दिवशी, भाडेकरूने खोली रिकामी करून मालकाच्या ताब्यात द्यावी. रोजच्या वापराने रंग फिका पडला, तर त्याची भरपाई नाही. काच फोडली, तर आहे. खोली ताब्यात मिळाल्यावर मालक थकलेले शुल्क, विजेचे बिल व मोडतोडीचा खर्च कापून उरलेली अनामत व्याजाशिवाय परत देईल. बिल ६०० आणि काच ४०० रुपयांची असेल, तर ११,००० रुपये परत मिळतील.

४. खोली न सोडल्यास. भाडेकरूला त्या काळासाठी दरमहा ८,००० रुपये द्यावे लागतील.

## अर्थ बदलण्याचा धोका

सोपे करताना मजकूर आखूड करण्याचा मोह होतो आणि तेथेच चूक होते. ‘नैसर्गिक झीज वगळता’ हे शब्द गाळले, तर जुन्या रंगाचा खर्चही भाडेकरूवर येतो. ‘लेखी’ हा शब्द गाळला, तर फोनवर सांगून भागेल असे वाटते. ‘कोणासही’ याऐवजी केवळ ‘भाडेकरूला’ लिहिले, तर मालकही एक महिन्याच्या सूचनेवर करार संपवू शकतो ही महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. पुनर्लेखन बरोबर आहे का हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे मूळ कलमातील प्रत्येक अट, अपवाद आणि मुदत नव्या मजकुरात कोठे आली आहे, ते एकेक करून जुळवून पाहणे.

साध्या भाषेमुळे मूळ कलमात जे नाही तेही दिसू लागते. वरील कलमात अनामत ‘तसे झाल्यावर’ परत मिळेल असे म्हटले आहे; किती दिवसांत, हे नाही. मोडतोडीचा खर्च कोणी व कसा ठरवावा, हेही नाही. या उणिवा पुनर्लेखनात आपल्या मनाने भरता येत नाहीत. त्या मालकासमोर मांडून ‘ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत’ किंवा ‘पावती दाखवून’ असे शब्द मूळ करारातच घालून घ्यावे लागतात.

## मर्यादा

नोंदणीकृत करार आणि वेगळ्या कागदावरील सोपे स्पष्टीकरण यांत फरक पडल्यास करारातील मजकूर चालतो. त्यामुळे पुनर्लेखन नोंदणीपूर्वी मसुद्यावरच केले, तर त्याचा खरा उपयोग होतो. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाल्यानंतर बदल करावयाचा झाल्यास दोन्ही पक्षांना पुन्हा दस्त करावा लागतो.

तसेच, कलम समजले म्हणजे त्यातील प्रत्येक रक्कम पूर्ण वसूल होईलच असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी करारात रक्कम लिहिलेली असल्यास न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. ऑक्टोबरअखेर सोडलेल्या खोलीत नोव्हेंबरमध्येच दुसरा विद्यार्थी राहावयास आला असेल, तर पहिल्याकडून ८,००० रुपये घेणे वाजवी आहे का, हा प्रश्न उभा राहू शकतो. कलमाचे सुबोध रूप या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो विचारता यावा इतकी समज मात्र भाडेकरूला देते.