थाप आणि शब्द

ज्वारीच्या भाकरीच्या शॉर्टमध्ये ताल हातांनी आधीच ठरवलेला असतो, शब्दांना त्यात जागा शोधावी लागते.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नेमकी तिथेच गडबड होते. हात पाणी ओतू लागल्यावर ‘आता पिठात कढत पाणी ओता’ म्हणायला घेतलं, तर ‘ओता’ येईपर्यंत तांब्या खाली गेलेला असतो. वाक्य हात उचलायच्या आधी सुरू व्हावं आणि ‘ओता’ हा शब्द धार पिठावर पडते तिथे यावा.

लांब बोलायची सोय मळताना असते, कारण तळहाताच्या रेट्याला ठोके नसतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही. चिकटपणा येतो तो कढत पाण्यात फुलणाऱ्या स्टार्चमुळे, हे कारण इथेच सांगून टाकावं. पीठ जुनं असेल किंवा मळणं कमी पडलं असेल तर थापताना कड चिरते, तेही इथेच.

थापताना मात्र आवरतं घ्यावं. ‘खाली कोरडं पीठ पसरा’ एवढं आधी म्हणावं आणि मग चार-पाच थापा मोकळ्या सोडाव्यात. प्रत्येक थापेसरशी भाकरी परातीत जराशी फिरते, आणि ते फिरणं कानांनीही कळतं. मध्ये बोलायचंच तर ‘कडेकडेनं’, ‘हलक्या हातानं’ असे सुटे शब्द दोन थापांच्या फटीत बसवावेत. हा भाग कधीही पळवू नये. चित्र दुप्पट वेगानं गेलं की पाहणाऱ्याला हाताची खरी गती शिकता येत नाही. वेळ वाचवायचा तो तव्यावरच्या भाजण्यातून.

तव्यावर पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी सुकत आलं की, पूर्ण वाळायच्या आत, उलटायचं. उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. म्हणून ‘ओल दिसतेय तोवरच’ हे शब्द पाण्याची चमक दिसत असताना यावेत आणि ‘उलटा’ हा उलथनं खाली सरकताना.

करता करता बोलावं की नंतर, असं एका वाचकानं विचारलं आहे. बोलताना हात थबकतात, हे थापांच्या आवाजातच उघडं पडतं. आधी न बोलता भाकरी करावी, थापांचा मूळ आवाज राखावा, मग चित्र पाहत बोलावं आणि शब्दांखाली थापा किंचित दबवाव्यात. एखादं वाक्य बसत नसेल तर ते भरभर म्हणण्यापेक्षा त्यातले शब्द कमी करावेत.