आकडा मोठा, पण बिघाड जुना

ऑफिसचं नेटवर्क रखडतंय अशी तक्रार आली, की स्विचच्या पोर्टवरचे एररचे आकडे आधी पाहिले जातात. समजा, सिस्कोच्या स्विचवर सात नंबरच्या पोर्टला 48,213 सीआरसी एरर दिसतात आणि बाराव्याला 312. सीआरसी एरर म्हणजे वाटेत बिघडून पोचलेलं पॅकेट. साहजिकच सगळे सातव्याच्या केबलकडे धावतात. पण त्याच माहितीत ही ओळही असते:

```
Last clearing of "show interface" counters never
```

म्हणजे ही मोजणी स्विच सुरू झाला तेव्हापासूनची आहे, आणि स्विच दोन-दोन वर्षं बंद होत नाहीत. ते 48,213 एरर कधीकाळी बदललेल्या केबलचेही असू शकतात. नुसता आकडा ते सांगत नाही.

म्हणून आधी सगळे आकडे वेळेसकट उतरवून ठेवायचे, कारण पुसलेले पुन्हा दिसत नाहीत. मग दोन्ही पोर्टवर मोजणी शून्यावर आणायची:

```
clear counters Gi1/0/7
clear counters Gi1/0/12
```

याने वाहतूक थांबत नाही. देखरेखीचं सॉफ्टवेअर एसएनएमपीवरून वाचतं, ते काउंटरही तसेच राहतात, त्यामुळे तिथला आलेख बिघडत नाही.

दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. सातव्यावर 18 लाख पॅकेट आली, एरर शून्य. तिथला बिघाड जुना. बाराव्यावर 90,000 पॅकेटांत 36 एरर, म्हणजे दर 2,500 पॅकेटांमागे एक. हे वाईट आहे का? तांब्याच्या गिगाबिट इथरनेटच्या मानकात चूक चालते ती दहा अब्ज बिटांत एकाची. पूर्ण आकाराच्या पॅकेटात सुमारे 12,000 बिट असतात. त्या हिशेबाने आठेक लाख पॅकेटांत एखादंच बिघडायला हवं. बारावा पोर्ट त्याच्या तीनशेपटीहून पुढे गेलाय, तेव्हा केबल, कनेक्टर आणि समोरच्या यंत्राचं पोर्ट तपासायलाच हवं.

या दरातून आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मिनिटाला 3.6 एरर या वेगाने 312 व्हायला साधारण दीड तास लागतो. वेग तोच राहिला असेल, तर बिघाड दीड तासापूर्वीच सुरू झाला. त्या सुमारास रॅकला कोणाचा हात लागला होता, हे लगेच विचारता येतं.

मात्र भागाकार पॅकेटांनीच करायचा. रात्री पोर्टवरून काही जातच नसेल तर एररही शून्यच दिसतील, आणि केबल चांगली आहे असा समज होईल. तपासणी गर्दीच्या वेळी करावी, नाहीतर मुद्दाम एखादी मोठी फाइल त्या पोर्टवरच्या यंत्राकडून पाठवून घ्यावी. ती त्याच दिशेने यायला हवी, कारण सीआरसी एरर पॅकेट घेणाऱ्या टोकाला मोजले जातात.

काउंटर पुसायची परवानगी नसेल, तर दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करावी. उत्तर तेच येतं.