पेला रिकामा कधी झाला?

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक सूचना ठरलेली असते: रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही. केसपेपरवर तिची तीन अक्षरं होतात, एनबीएम. भीती खरी आहे. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं, तर ते फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन या डॉक्टरांनी 1946 मध्ये बाळंतिणींमध्ये हे नोंदवलं होतं. पण निरोगी जठरातून पाणी लवकर पुढे सरकतं. म्हणून आजचे नियम हलक्या आहारासाठी सहा तास आणि पाणी, गाळलेला रस, बिनदुधाचा चहा यांसाठी दोन तास पुरेसे मानतात.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात शस्त्रक्रियेभोवतीच्या अशा जुन्या सवयी एकेक करून तपासल्या. त्यातून 'इरास' ही लवकर बरं होण्याची पद्धत उभी राहिली. तिच्यात नुसत्या पाण्यापुढे जाऊन कर्बोदकांचं पेय दिलं जातं. रात्रभर उपाशी शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण आला की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि साखर चढते. पेयामुळे शरीर 'जेवलेल्या' अवस्थेत टेबलावर जातं. नेहमीचं प्रमाण असं: आदल्या रात्री 800 मिलिलिटर आणि भुलेच्या दोन तास आधीपर्यंत 400 मिलिलिटर. या दुसऱ्या भागात सुमारे 50 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन असतं. साधी साखर का चालत नाही? माल्टोडेक्स्ट्रिनच्या साखळ्या लांब, त्यामुळे त्याच वजनात कणांची संख्या कमी. द्रावण फार तीव्र होत नाही आणि जठर ते अडवून ठेवत नाही.

चमत्काराची अपेक्षा मात्र नको. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात रुग्णालयातला मुक्काम किंचितच कमी झालेला दिसला, गुंतागुंत कमी झाली नाही. आतड्याला अडथळा असेल किंवा जठर मंद चालत असेल तर हे पेय देत नाहीत. मधुमेहींबाबत भूलतज्ज्ञ वेगळा विचार करतात.

शस्त्रक्रियेनंतरची जुनी रीत म्हणजे वायू सरेपर्यंत उपाशी ठेवायचं, आतड्याच्या जोडाला विश्रांती द्यायची. पण रुग्ण उपाशी असला तरी लाळ, जठररस, पित्त मिळून काही लिटर द्रव रोज आतड्यात येतच असतो. लहान आतडं काही तासांतच हालचाल सुरू करतं. आळस मोठ्या आतड्याचा असतो, त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून मोठ्या आतड्याच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी घोटघोट पाणी आणि पूरक पेय, दुसऱ्या दिवशी मऊ भात किंवा इडली. काहींना उलटी होते, तेव्हा थांबावं लागतं.

हे सगळं खरोखर पाळलं जातं का, हा प्रश्न स्टॉकहोमच्या एर्स्टा रुग्णालयाने विचारला. तिथल्या 953 रुग्णांच्या नोंदींत 2002-04 मध्ये पालन 43 टक्के होतं, 2005-07 मध्ये ते 71 टक्क्यांवर गेलं आणि गुंतागुंत घटली.

पालन मोजताना फसवते ती बरोबरची खूण. समजा, सकाळी नऊची शस्त्रक्रिया. सिस्टरनी साडेसहाला पेय दिलं, तक्त्यावर खूण झाली. आधीची केस लांबली, भूल साडेअकराला दिली गेली. रुग्ण पाच तास उपाशी, तक्ता मात्र समाधानी! म्हणून खुणेऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात: किती मिलिलिटर पोटात गेलं, पेला रिकामा कधी झाला, भूल कधी सुरू झाली. वरची मर्यादा, समजा चार तास, रुग्णालयाने आधीच ठरवून ठेवावी.

एका महिन्यात 20 रुग्ण धरू. दोघांना पेय वैद्यकीय कारणाने वर्ज्य, म्हणजे छेदात 18. पैकी 14 जणांना पेय दिलं गेलं: 78 टक्के. भुलेच्या दोन ते चार तास आधी पूर्ण प्यायलेले मात्र नऊच: 50 टक्के. मधले पाच जण ओटीच्या यादीतल्या घसरणीत सापडतात. वर्ज्य असलेल्या दोघांना छेदात ठेवलं तर आकडा उगाच पडतो. सोयीसाठी आणखी काहींना 'वर्ज्य' ठरवलं तर तो उगाच चढतो. ही लबाडी टाळायची, म्हणून वर्ज्य करण्याचं कारण आधीच, लेखी असावं.

जेवणाच्या नोंदीत आणखी एक पेच आहे. जो मुळात लवकर सावरतो तोच जेवतो. ज्याचं आतडं रुसलं आहे तो ताट परत पाठवतो. मग 'जे जेवले ते लवकर घरी गेले' यातून जेवणाचं श्रेय सिद्ध होत नाही. पेयाच्या बाबतीत हा घोळ कमी, कारण ते शस्त्रक्रियेआधीच घेतलेलं असतं. जेवणाच्या या पेचावर उपाय म्हणून 'समोर ठेवलं' आणि 'खाल्लं' असे दोन वेगळे रकाने करावेत. खाल्लेलं पाव, अर्धं, पूर्ण असं लिहावं, आणि शेजारी कारण: मळमळ, नकार, डॉक्टरांची मनाई, की आणलंच नाही. पहिली तीन कारणं रुग्णाकडे किंवा उपचाराकडे बोट दाखवतात. चौथं वारंवार दिसलं, तर त्या रुग्णांची ओटीतून परतण्याची वेळ बघावी. संध्याकाळी उशिरा वॉर्डात आलेल्यांची नावं तिथे साचली असतील, तर स्वयंपाकघराची गाडी आधीच फिरून गेलेली असते आणि पूरक पेयाच्या बाटल्या वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवणं एवढाच बदल पुरतो.