पळवाट उघडी ठेवली तर?

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये, स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर, एका म्हाताऱ्या आणि आजारी भिकाऱ्याने थॉमस हॉब्जपुढे हात पसरला. माणसाच्या प्रत्येक कृतीच्या मुळाशी स्वहित असतं असं मांडणारा हा तत्त्वज्ञ. त्याने खिशात हात घातला आणि म्हाताऱ्याला पैसे दिले. जवळच उभ्या असलेल्या एका धर्मोपदेशकाने त्याला हटकलं : ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असतेस का? हॉब्ज म्हणाला, हो, दिले असते. त्या म्हाताऱ्याची दशा बघून मलाच यातना होत होत्या. माझ्या पैशांनी त्याला थोडा आराम पडला आणि मलाही पडला. हा किस्सा हॉब्जचा मित्र जॉन ऑब्री याने लिहून ठेवला आहे.

हॉब्जचं हे उत्तर आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतं. कोणी रक्तदान करून आला की एखादा काका हमखास म्हणतो, ‘पण शेवटी समाधान तुलाच मिळालं ना?’ या युक्तिवादाची खुबी अशी, की त्याच्यापुढे कोणताच पुरावा टिकत नाही. नाव गुप्त ठेवून मदत केलीत, तर तुम्हाला पुण्य हवं होतं. पुण्य मानत नसाल, तर मनाची टोचणी नको होती. जीव धोक्यात घातलात, तर नंतर स्वतःच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. मदत करणाऱ्यालाच विचारावं, तर तो खरं सांगेल याची खात्री नाही आणि त्याला स्वतःला खरं ठाऊक असेल याची तर मुळीच नाही.

कॅन्सस विद्यापीठातल्या डॅनिअल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञाला यातून वाट सापडली, आणि ती इतकी साधी आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. समाधान मिळतं हे त्याने नाकारलं नाही. त्याने विचारलं एवढंच, की ते समाधान मिळवण्यासाठी मदत केली, की मदतीच्या मागोमाग ते आपसूक आलं? पोरं मे महिन्यात मामाकडे जातात, तिथे मामाही भेटतो आणि आंबेही मिळतात. ती कशासाठी जातात हे जूनमध्ये त्यांच्याकडे बघून कळत नाही. पण एखाद्या वर्षी आंबे शेजारीच, फुकट मिळाले, तर कळतं. म्हणजे हेतू ओळखायचा तर दोन फळं वेगळी करायची आणि त्यातलं एक दुसऱ्या, सोप्या वाटेने मिळेल अशी सोय करायची.

हॉब्जचं खरं असेल, तर दुसऱ्याचं दुःख बघून मला होणारा त्रास थांबवणं हा माझा हेतू असतो. तो थांबवण्याचे मार्ग दोन : त्याचं दुःख दूर करणं किंवा तिथून उठून जाणं. उठून जाणं स्वस्त असेल, तर स्वार्थी माणसाने उठून जावं. याउलट, त्या माणसाचं भलं व्हावं हाच हेतू असेल, तर दार सताड उघडं असूनही उपयोग नाही, कारण मी बाहेर पडल्याने त्याचं काहीच बदलत नाही.

हे बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात उतरवलं. तो 1981 साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राच्या प्राथमिक वर्गातल्या 44 विद्यार्थिनी, एकेकट्या बोलावलेल्या. प्रत्येकीला सांगितलं, की त्रासदायक परिस्थितीत माणूस काम कसं करतो याचा हा अभ्यास आहे. एकीने काम करायचं, दुसरीने बघायचं. चिठ्ठ्या टाकल्या जात, पण चिठ्ठी अशी लावलेली असे की बघण्याचं काम नेहमी बोलावलेल्या मुलीच्याच वाट्याला यावं. काम करणारी एलेन शेजारच्या खोलीत आहे आणि पडद्यावर थेट दिसते आहे असा समज करून दिलेला असे. प्रत्यक्षात तो आधीच केलेला व्हिडिओ होता आणि एलेनची भूमिका करणारीला एकही धक्का बसत नव्हता.

पडद्यावर एलेन आकडे आठवून सांगायचा प्रयत्न करते आहे आणि मधूनमधून तिला विजेचे धक्के बसताहेत. अशा दहा फेऱ्या व्हायच्या आहेत. पहिल्या दोन फेऱ्यांतच तिची अवस्था वाईट दिसते. सहायिका थांबून चौकशी करते, तेव्हा एलेन सांगते : लहानपणी घोड्यावरून विजेच्या कुंपणावर पडले होते, तेव्हापासून साधा धक्काही मला जास्तच लागू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी काम पुरं करीन म्हणते. सहायिकेला वाटतं, बघणारी मुलगी जागा बदलायला तयार होते का, विचारून तरी पाहू. मग प्रयोगकर्ता बघणाऱ्या मुलीच्या खोलीत येतो आणि विचारतो : उरलेल्या फेऱ्यांसाठी तू तिच्या जागी बसशील का?

आता दाराची गोष्ट. निम्म्या मुलींना आधीच सांगून ठेवलं होतं, की तुम्हाला फक्त पहिल्या दोन फेऱ्या बघायच्या आहेत. म्हणजे ‘नाही’ म्हटलं की छोटा कागद भरून घरी जायला मोकळ्या. उरलेल्या निम्म्यांना सगळ्या दहा बघायच्या होत्या : ‘नाही’ म्हणायचं, तर बसून एलेनचे हाल बघत राहायचं. दुसरा फरक जिव्हाळ्याचा. मुलींनी आपल्या आवडीनिवडी आणि मूल्यांची प्रश्नावली आधी भरलेली होती. काहींना दाखवलेली एलेनची प्रश्नावली त्यांच्या उत्तरांशी मिळतीजुळती बनवलेली होती, काहींना अगदी उलट. आपल्यासारख्या माणसाविषयी जीव जास्त तुटतो, या ठोकताळ्यावर हे बेतलेलं होतं.

असे चार गट झाले, प्रत्येकात 11 मुली. वेगळ्या स्वभावाची एलेन आणि दार बंद : 7 जणी तिच्या जागी बसायला तयार झाल्या. वेगळी एलेन आणि दार उघडं : फक्त 2. इथवर हॉब्जचा विजय आहे. दार उघडताच दया बाहेर पडली. पण आपल्यासारखी वाटणारी एलेन आणि दार बंद, या गटात 9 जणी तयार झाल्या. आणि आपल्यासारखी एलेन, दार सताड उघडं? 11 पैकी 10.

या शेवटच्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो. घरी जायची मुभा आहे, कोणी अडवत नाही, एलेनचा चेहरा पुन्हा बघावा लागणार नाही, आणि तरी दहा जणी स्वतः विजेचे धक्के घ्यायला तयार होतात. आपल्या मनाचा त्रास थांबवणं एवढंच ईप्सित असतं, तर हा गट त्या दोघींच्या गटासारखा दिसायला हवा होता.

बॅट्सनने यातून दोन वेगळ्या भावना ओळखल्या. एक म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून आपला जीव कासावीस होणं. हादरणं, अस्वस्थ होणं. तिचा रोख आपल्याकडे. दुसरी म्हणजे त्या माणसाविषयी कळवळा, माया दाटून येणं. तिचा रोख त्याच्याकडे. हॉब्जने पहिलीचं वर्णन चोख केलं होतं. दुसरी त्याच्या हिशेबात नव्हती.

प्रकरण इथे मिटलं असतं तर फार सोपं झालं असतं. पण टीकाकार तयारीचे होते. खोलीचं दार उघडं असेल, ते म्हणाले, मनाचं कुठे आहे? घरी जाऊनही टोचणी लागणारच. यावर पुढच्या एका प्रयोगात मनाच्याच दाराची सोय केली. मदतीच्या यादीवर आधीच्या बहुतेकांनी नकार दिल्याचं दिसत होतं, म्हणजे ‘सगळेच नाही म्हणाले, मग मीही’ असं स्वतःला सहज समजावता यावं. कळवळा नसलेल्यांनी ही सबब लगेच उचलली. कळवळा असलेल्यांवर यादीचा फारसा परिणाम दिसला नाही.

त्याहून मजेशीर युक्ती रंगांची. वेगवेगळ्या रंगांत छापलेले शब्द दाखवायचे आणि शब्द न वाचता रंगाचं नाव सांगायला लावायचं. जो विषय डोक्यात घोळत असतो, त्याच्याशी जोडलेल्या शब्दाचा रंग सांगताना जीभ क्षणभर अडखळते. आईवडील अपघातात गेलेल्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या एका मुलीला मदत कराल का, याचा विचार करत असताना लोकांना ही चाचणी दिली. काही शब्द अपराध आणि लाज यांचे, काही कौतुक आणि अभिमानाचे, काही त्या मुलीच्या दुर्दैवाचे. कळवळा असलेल्यांमध्ये मदतीची तयारी आणि अडखळणं यांचा मेळ बसला तो फक्त त्या मुलीच्या दुर्दैवाच्या शब्दांशी. शाबासकी किंवा शरमेची गणितं मनात चालली असती, तर जीभ तिथे अडखळायला हवी होती. मोजायला अवघड अशा गोष्टीला इतक्या आडवाटेने गाठलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

सगळ्यात चिवट प्रतिस्पर्धी होता ॲरिझोना स्टेट विद्यापीठातला रॉबर्ट चाल्डिनी. 1987 मध्ये त्याने म्हटलं, कळवळ्यासोबत उदासी येते, आणि माणूस ती घालवायला मदत करतो. त्याने काही जणांना एक बनावट औषध दिलं आणि सांगितलं, की आता थोडा वेळ तुमची मनःस्थिती आहे तशीच राहील, काही केलं तरी बदलणार नाही. मदतीने उदासी जाणार नसेल तर मदत कशाला? आणि मदतीचं प्रमाण खरोखर घसरलं. मात्र दुसऱ्या गटांनी तसाच प्रयोग केला, तेव्हा निकाल तसा आला नाही. मन प्रसन्न करणारी चित्रफीत थोड्याच वेळात दाखवणार आहोत, असं आधीच कबूल केलं तरी कळवळा असलेले लोक मदतीला तयार होत राहिले.

मग 1997 मध्ये चाल्डिनीने डाव बदलला. जिच्याविषयी कळवळा वाटतो ती व्यक्ती आपल्या ‘मी’मध्येच थोडी सामावलेली असते, त्यामुळे तिला मदत म्हणजे स्वतःलाच मदत, असं तो म्हणाला. लोकांना कमीजास्त एकमेकांत शिरलेली वर्तुळं दाखवून ‘तू आणि तो यांच्यात किती अंतर?’ विचारलं, आणि ही एकरूपता हिशेबात धरल्यावर कळवळ्याचा स्वतंत्र प्रभाव उरला नाही. बॅट्सनच्या गटाने त्याच वर्षी उलट निकाल मांडला. मला हा आक्षेप सगळ्यात खोल वाटतो आणि थोडा लबाडही, कारण स्वार्थाची हद्द एवढी रुंद केली, की त्यात दुसरा माणूस मावतो, तर मग ‘स्वार्थ’ म्हणजे नेमकं काय उरलं?

बॅट्सनलाही आपल्या शोधाच्या मर्यादा लपवायच्या नव्हत्या. धक्के स्पष्ट वेदना देणारे आहेत असं सांगितलं, की कळवळ्याचा परिणाम मावळला; सहभागी पुन्हा आपल्यापुरता विचार करू लागले. आणि 1995 मध्ये त्याच्या गटाने याहून अडचणीची गोष्ट दाखवली. सहभागींना शेरी समर्स नावाच्या, असाध्य आजार असलेल्या 10 वर्षांच्या मुलीविषयी ऐकवलं. ती मदतीच्या प्रतीक्षायादीवर होती, आणि तिच्या पुढच्या मुलांची गरज जास्त होती किंवा ती मुलं जास्त दिवस थांबली होती. तिला पुढे सरकवायचं का? तटस्थपणे ऐकणाऱ्यांपैकी 33 टक्के ‘हो’ म्हणाले. तिला काय वाटत असेल याची कल्पना करत ऐकणाऱ्यांपैकी 73 टक्के म्हणाले. शेरी खरी नव्हती, पण ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना यातून काही मिळणार नव्हतं, स्वार्थ शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि तरी यादीत पुढे असलेली, ज्यांचा आवाज कुणी ऐकवलाच नव्हता ती मुलं एकेक पायरी मागे गेली.