फोनला दिशा कळते का? अ‍ॅप बनवायला देण्याआधी हे बघा

आमच्या ग्रामसंघाने एक अ‍ॅप बनवून घ्यायचं ठरवलं होतं. पहिला हप्ता देण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही हात आखडता घेतला, आणि त्यामुळे चाळीस हजारांचा खर्च टळला. तो हिशेब आज तुमच्यासमोर मांडणार आहोत.

आमच्या भागात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, बऱ्याच गटांकडे सोलर ड्रायर आहेत. कांद्याच्या चकत्या, टोमॅटो, मेथी, शेवग्याचा पाला असा माल त्यात वाळतो. ड्रायरचं तोंड दक्षिणेला हवं आणि काचेचा उतार साधारण अठरा अंशांचा हवा, म्हणजे वर्षभराचं ऊन नीट मिळतं. ड्रायर वाकडा बसला की माल अर्धवट वाळतो, पाकिटात ओल राहते आणि बुरशी धरते. म्हणून बैठकीत ठरलं, की फोन ड्रायरवर ठेवला की तो दिशा सांगेल, उतार सांगेल आणि आतली उष्णता व ओलही सांगेल, असं अ‍ॅप करून घ्यायचं. एका मुलाने चाळीस हजारांत करून देतो म्हणून सांगितलं. नमुना आमच्याच फोनवर दाखवला, झकास चालला.

तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "माझ्या फोनमध्ये तर बाण हलतच नाही." फोन कसाही फिरवला तरी बाण एकाच जागी. आम्हाला वाटलं, फोन बिघडलाय. पण फोन बिघडलेला नव्हता. ज्या भागामुळे दिशा कळते, तो भाग त्या फोनमध्ये मुळात बसवलेलाच नव्हता.

फोनला बाहेरचं जे काही कळतं, ते आत बसवलेल्या लहानशा भागांमुळे, म्हणजे सेन्सरमुळे. दिशा कळायला चुंबकीय सेन्सर लागतो, त्यालाच फोनचं होकायंत्र म्हणा. उतार कळायला वेगळा सेन्सर लागतो. तो पृथ्वीची ओढ कुठल्या बाजूला आहे ते ओळखतो. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ते याच सेन्सरमुळे. त्यामुळे तो स्वस्त फोनमध्येही बहुतेक असतोच. होकायंत्राचं तसं नाही. किंमत कमी ठेवायची तर कंपन्या ज्या गोष्टी गाळतात, त्यात होकायंत्र बरेचदा असतं. हा भाग नसेल, तर नंतर कुठलंही अ‍ॅप टाकून तो येत नाही.

मग आम्ही तपासायला बसलो. पहिलं काम कागदावरचं. अ‍ॅपकडून जे हवं ते एकेका वाक्यात लिहिलं आणि प्रत्येकापुढे लिहिलं, की यासाठी फोनला काय कळायला हवं. "तोंड दक्षिणेला आहे का ते सांग" यापुढे होकायंत्र. "उतार किती ते सांग" यापुढे उताराचा सेन्सर. "आत किती गरम आणि किती ओल आहे ते सांग" यापुढे तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर. "आज किती माल घातला, किती निघाला ते लिहून ठेव" यापुढे काहीच नाही, नुसतं टायपिंग. चार वाक्यांत आमची सगळी कल्पना उलगडली.

दुसरं काम फोनचं. इथे चूक होते ती अशी, की बनवणारा स्वतःच्या फोनवर बघतो आणि आपण आपल्या फोनवर. पण अ‍ॅप वापरणार ड्रायरवर काम करणाऱ्या बायका. म्हणून त्यांचेच फोन बैठकीला आणायला सांगितले. कुणाचा मुलाने वापरून दिलेला, कुणाचा काच तडकलेला. एकवीस फोन जमले.

दिशेची सोपी चाचणी अशी. उघड्यावर उभं राहून गुगल मॅप्स उघडा आणि लोकेशन चालू करा. निळा ठिपका दिसेल. होकायंत्र असेल तर ठिपक्यातून टॉर्चच्या उजेडासारखा निळा झोत निघतो आणि आपण जागेवर फिरलो की तोही फिरतो. होकायंत्र नसेल तर नुसता ठिपका राहतो. उताराची चाचणी याहून सोपी: ऑटो रोटेट चालू करून फोन आडवा करा, चित्र वळलं की सेन्सर आहे.

पक्की खात्री करायला आम्ही phyphox नावाचं मोफत अ‍ॅप वापरलं. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाने ते विज्ञानाच्या प्रयोगांसाठी केलं आहे. त्याच्या यादीत Magnetometer ही ओळ फिकट दिसली, तर फोनमध्ये होकायंत्र नाही. ओळ ठळक दिसली तरी तेवढ्यावर थांबू नका. ती उघडा, चालू करा आणि फोन फिरवून आकडे बदलतात का ते बघा. आणखी एक सांगायला हवं. डब्यावरचं फोनचं नाव वाचून ठरवू नका. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या रूपांत विकला जातो आणि आतले भाग बदललेले असू शकतात. हातातला फोनच तपासायचा.

निकाल असा लागला. उताराचा सेन्सर एकवीसच्या एकवीस फोनमध्ये होता. होकायंत्र आठमध्येच. आणि तापमान, आर्द्रता एकातही नाही, आमच्या महागड्या फोनमध्येसुद्धा नाही. फोनवर दिसणारं तापमान एक तर इंटरनेटवरून आलेलं हवामान असतं, नाही तर फोनच्या बॅटरीचं असतं. ड्रायरच्या आतली हवा त्याला कळत नाही. शिवाय आत पन्नास-साठ अंश तापतं, तिथे फोन ठेवला तर फोनच जायचा.

त्या आठ फोनवरही आम्ही दिशा घेऊन पाहिली. फोन ड्रायरच्या लोखंडी चौकटीवर ठेवला की बाण भलतीकडेच वळायचा. चुंबकीय सेन्सर तो, लोखंड जवळ आलं की फसणारच. कव्हरला चुंबकाचं बटण असेल तरीही फसतो. ड्रायरपासून पाच-सहा पावलं लांब जाऊन, फोन हवेत इंग्रजी आठसारखा दोन-चार वेळा फिरवून मग बघितलं, तर आठही फोन जवळपास एकच दिशा दाखवायला लागले. म्हणजे अ‍ॅपची मूळ कल्पनाच, फोन ड्रायरवर ठेवण्याची, चांगल्या फोनवरही चुकीची ठरली असती.

आता प्रश्न असा, की जे फोनमध्ये नाही त्याचं काय करायचं? आम्ही प्रत्येक गोष्टीला विचारलं: हे दुसऱ्या कशाने होतं का, आणि ते किती वेळा करावं लागतं?

दिशेचं उत्तर सूर्यानेच दिलं. सूर्य बरोबर डोक्यावरच्या रेषेवर आला की उभ्या काठीची सावली उत्तर-दक्षिण पडते. मात्र ही वेळ घड्याळातले बारा नव्हे. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे आणि सोलापूर ७६ च्या जवळ, म्हणजे पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे मध्यान्ह साधारण बारा वाजून सव्वीस मिनिटांनी होतो. तोही वर्षभर हलतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा-दहाला, फेब्रुवारीच्या मध्याला बारा-चाळीसला. हा हिशेब करायला फोनला फक्त तारीख आणि गाव कळायला हवं, आणि गाव टाईप करता येतं. सेन्सर लागतच नाही.

या रीतीला मर्यादा आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारची सावली आखूड असते आणि उलटी, दक्षिणेकडे पडते. मार्च-एप्रिलमध्येही सूर्य इतका वर असतो, की दहा मिनिटांची चूक झाली तरी दिशा बरीच सरकते. डिसेंबरात तेवढ्याच चुकीने तीन-चार अंशांचाच फरक पडतो, आणि ड्रायरला तेवढा चालतो. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, मध्यान्हीच्या सावलीवर दोरी ताणायची आणि गच्चीवर ऑइलपेंटने रेघ मारायची. दिशा काही बदलत नाही, रेघ एकदाच मारायची. ज्यांना उन्हाळ्यात ड्रायर बसवायचाय, त्यांच्यासाठी होकायंत्र असलेला एक फोन गावात पुरे.

तिथेच आमचे डोळे उघडले. जे काम ड्रायरमागे एकदाच करायचं, त्यासाठी एकवीस फोनवर अ‍ॅप कशाला? उतारही एकदाच लावायचा. उष्णता आणि ओल मात्र रोज बघायची, तर त्यासाठी काही शे रुपयांचा मीटर मिळतो. त्याची तार ड्रायरच्या आत सोडायची आणि आकडा बाहेर वाचायचा. घेताना तो साठ अंशांच्या वरपर्यंत चालतो का, ते विचारून घ्या.

शेवटी अ‍ॅपसाठी उरलं काय? रोजची नोंद: तारीख, माल, आत किती घातला, बाहेर किती निघाला, मीटरचा आकडा. हे कुठल्याही साध्या स्मार्टफोनवर चालतं. त्या मुलाने ते नऊ हजारांत करून दिलं. होकायंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी दिशेचा एक कोपरा ठेवूया, असं तो म्हणाला. आम्ही हो म्हटलं, पण एक अट लिहून घेतली. अ‍ॅपच्या कागदपत्रात एखादा भाग 'हवाच' असं लिहिलं, तर ज्या फोनमध्ये तो भाग नाही त्यांना प्ले स्टोअर ते अ‍ॅप दाखवतच नाही. मग ताई शोधत बसतात आणि अ‍ॅप सापडत नाही. म्हणून तिथे 'नसला तरी चालेल' असं लिहावं लागतं. ती ओळ रेडिओवर वाचून दाखवण्यासारखी नाही, छापील अंकात तशीच देतो. बनवणाऱ्याला दाखवा, त्याला कळेल:

```
<uses-feature
  android:name="android.hardware.sensor.compass"
  android:required="false" />
```

आणि काम हातात घेताना होकायंत्र नसलेल्या फोनवर ते अ‍ॅप उघडून बघा. दिशेच्या कोपऱ्यात "या फोनमध्ये होकायंत्र नाही" असं मराठीत आलं पाहिजे. अ‍ॅप बंद पडलं, किंवा बाण उत्तरेकडे बोट दाखवत गप्प उभा राहिला, तर शेवटचा हप्ता देऊ नका. न हलणारा बाण सगळ्यात वाईट, कारण बाई त्याच्यावर विश्वास ठेवते.

ज्या ताईंच्या फोनमध्ये बाण हलत नव्हता, त्यांच्याच गच्चीवर आम्ही पहिली रेघ मारली. डिसेंबर होता. सावली काठीपेक्षा जराच आखूड होती, आणि त्यांचा जुना ड्रायर त्या रेघेपासून हातभर वाकडा निघाला.