स्क्रीनवरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न : तुम्ही आत्ता कुठे बसला आहात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात टेबलावर टॅब उभा केलेला आहे. समोर चाळिशीतले एक शेतकरी बसले आहेत. त्यांना रमेशभाऊ म्हणू. दोन महिन्यांपासून त्यांना झोप नाही, जेवण नाही, बोलणंही जवळजवळ बंद. आशाताईंनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला इथवर आणलं आहे. स्क्रीनवर नागपुरातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर दिसतात. हा प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी नियमांना आणि रोजच्या अनुभवाला धरून आहे.

आपल्याला वाटतं, डॉक्टर आधी विचारतील, काय त्रास होतोय? पण नीट काम करणारे डॉक्टर तसं करत नाहीत. ते आधी स्वतःचं नाव, शिक्षण आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक सांगतात. मग रुग्णाचं नाव, वय, पत्ता आणि फोन नंबर विचारतात, एखादं ओळखपत्र पाहतात. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार ही ओळख दोन्ही बाजूंनी पटली पाहिजे. रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल, तर सोबत मोठं माणूस हवं आणि त्या माणसाचीही ओळख पटायला हवी.

त्यानंतरचा प्रश्न मानसोपचारात सगळ्यात मोलाचा. "रमेशभाऊ, तुम्ही आत्ता नेमके कुठे बसला आहात? खोलीत अजून कोण कोण आहे?" आधार कार्डावरचा पत्ता इथे पुरत नाही. माणूस शेतातल्या खोपटातून बोलत असेल, सासुरवाडीला असेल, किंवा एसटी स्टँडवर. मदत पाठवायची वेळ आलीच, तर ती कार्डावरच्या पत्त्यावर पोचून उपयोग नाही. खोलीत कोण आहे हे कळल्याशिवाय मनातलं विचारणंही बरोबर नाही. दाराबाहेर रांग लागली असेल आणि दार उघडं असेल, तर माणूस खरं बोलणार नाही.

संमतीचंही तसंच. रुग्णाने स्वतःहून डॉक्टरांना फोन केला, तर त्याची संमती गृहीत धरली जाते. पण इथे सल्ला आरोग्य कर्मचाऱ्यांनी जुळवून आणला आहे. त्यामुळे रमेशभाऊंनी स्वतःच्या तोंडून हो म्हणायला हवं, आणि ते नोंदवायला हवं. "आशाताई म्हणाल्या म्हणून आलो," ही संमती नाही.

बोलणं सुरू होण्याआधी डॉक्टर आणखी तीन गोष्टी लिहून घेतात : उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा स्वतंत्र मोबाइल नंबर, घरच्या एका माणसाचा नंबर आणि जवळचं रुग्णालय कोणतं व ते किती दूर. हे सगळं आधीच का, ते बाराव्या मिनिटाला कळतं. बायको बाहेर गेल्यावर डॉक्टर सरळ विचारतात, "जीव द्यावा असं मनात येतं का?" रमेशभाऊ बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "फवारणीचं औषध घरातच आहे." आणि रेंज जाते. चित्र गोठतं.

आधी काही ठरलं नसेल, तर डॉक्टर नागपुरात नुसत्या स्क्रीनकडे पाहत राहतील. इथे मात्र त्या दुसऱ्या फोनवरून समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना गाठतात : रमेशभाऊंना एक क्षणही एकटं सोडू नका, त्यांच्या बायकोला आत घ्या, 108 ला फोन करा. घरातला फवारणीचा डबा शेजाऱ्यांकडे हलवायला आशाताई कुणाला तरी पाठवतात. नियम सांगतो की तातडीच्या वेळी दुरून फक्त प्रथमोपचार, धीर आणि मार्गदर्शन द्यावं आणि रुग्णाला लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरांसमोर पोचवावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार अशा वेळी कुठलेही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतात. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल, तर त्याची संमती घ्यायची असते. या उपचारांची मुदत साधारण 72 तासांची असते. पोलीस केस होईल या भीतीने घरचे गोष्ट लपवतात. त्यांना सांगायला हवं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं हाच कायदा गृहीत धरतो आणि त्याला शिक्षेपासून संरक्षण देतो.

रमेशभाऊ रुग्णालयात राहून, प्रत्यक्ष तपासून घरी आले. पंधरा दिवसांनी पुन्हा उपकेंद्रात टॅबसमोर बसले. आता प्रश्न औषधांचा. नैराश्यावरची एस्सिटालोप्रामसारखी गोळी पहिल्याच भेटीतही लिहिता येते, पण ती भेट व्हिडिओवर झालेली असली पाहिजे. नुसत्या फोनवरच्या पहिल्या बोलण्यावर चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांपलीकडे काही लिहिता येत नाही. एकदा प्रत्यक्ष तपासणी झाली, की त्याच आजारासाठी पुढचे सहा महिने फेरतपासणी दुरून होऊ शकते. डॉक्टर गोळ्या मात्र आठवड्याच्याच लिहितात आणि त्या बायकोच्या ताब्यात ठेवायला सांगतात. जीव देण्याचा विचार नुकताच येऊन गेलेल्या घरात महिन्याचा साठा ठेवणं धोक्याचं असतं.

तेवढ्यात रमेशभाऊंची बायको सांगते, की मेडिकलवाल्याने दिलेली झोपेची गोळी ते रोज घेतात, ती संपली आहे, तीही लिहून द्या. पट्टीवर नाव आहे अल्प्राझोलाम. डॉक्टर नाही म्हणतात. ही गोळी अमली आणि मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येते. त्या यादीतली बहुतेक औषधं आणि मिथाइलफेनिडेटसारखी अनुसूची एक्स मधली औषधं दुरून लिहायला मनाई आहे. पण "आजपासून बंद करा" असंही डॉक्टर म्हणत नाहीत. बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर घबराट, थरथर, कधी झटकेही येऊ शकतात. म्हणून त्या रमेशभाऊंना दोन दिवसांत जिल्हा रुग्णालयात पाठवतात. तिथले डॉक्टर समोर बसवून मात्रा हळूहळू उतरवतील. काही औषधं कायद्याने लिहिता येत असली, तरी तपासणीशिवाय लिहू नयेत. लिथियम द्यायचं तर रक्तातलं त्याचं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासावं लागतं. क्लोझापीनला पांढऱ्या पेशींची मोजणी लागते. या तपासण्यांची सोय नसेल, तर रुग्णाला प्रवास करावाच लागतो.

शेवटी नोंद. बोलणं कधी सुरू झालं, कधी संपलं, व्हिडिओवर होतं की फोनवर, खोलीत कोण होतं, संमती कशी मिळाली, रेंज कधी गेली आणि तेव्हा काय केलं, हे सगळं लिहायचं. जीव देण्याबद्दल विचारलं आणि उत्तर काय मिळालं, तेही त्याच शब्दांत. कोणतं औषध का दिलं याइतकंच, कोणतं का नाकारलं हेही लिहायला हवं. पुढच्या खेपेला टॅबवर दुसरेच डॉक्टर असतील. अल्प्राझोलाम का दिली नाही हे लिहिलेलं नसेल, तर कुणीतरी ती चालू ठेवायला सांगेल, किंवा एकदम तोडायला. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा, आणि तिची एक प्रत डॉक्टरांकडेही राहायला हवी.

आपल्या घरातलं कुणी असा सल्ला घेणार असेल, तर जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, दुसरा एक चालू फोन जवळ ठेवा आणि दार लावून घ्या. डॉक्टरांनी ठिकाण विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा. आणि मन फारच खचलं असेल, तर भेटीची वाट पाहू नका. 14416 हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.