कागदाच्या घडीत १८० अंश

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे आठवीतल्या मुलांना पाठच असतं. तरीही तासाची सुरुवात कोनमापकाने करावी. १६ सेंटिमीटरचा पाया BC काढायचा, B पासून ६ सेंटिमीटरवर १२ सेंटिमीटरचा लंब उभारायचा आणि त्याच्या टोकाला A म्हणायचं. हा त्रिकोण कापून मुलं कोन मोजतात: ६३, ५० आणि ६६. बेरीज १७९! काहीजण गुपचूप एक अंश वाढवतात. खरं तर कोणाचंच चुकलेलं नसतं. तिन्ही कोनांचे अपूर्णांक सुटले आणि तेवढ्यात एक अंश गेला. मोजून खात्री पटत नाही, हे इथे मुलांच्या लक्षात येतं.

आता घड्या. आधी तिन्ही कोपऱ्यांवर कागदाच्या दोन्ही बाजूंनी खुणा करून घ्याव्यात, कारण कोपरा दुमडला की मागची बाजू वर येते आणि पुढची खूण झाकली जाते. मग पाया पायावरच बसेल आणि घडी A मधून जाईल असा कागद दुमडायचा. ही घडी म्हणजे शिरोलंब. ती पायाला मिळते तो बिंदू D. कागद उलगडून A चं टोक D वर आणायचं, मग B आणि C ही टोकंही तिथेच आणायची. तिन्ही कोन फट न राहता पायाच्या सरळ रेषेवर शेजारी शेजारी बसतात.

एखाद्याचं हमखास अडतं. विशालकोन त्रिकोणाची आखूड बाजू पाया धरली, तर शिरोलंबाचा पाय कागदाबाहेर पडतो आणि घडी पायाला मिळतच नाही. कागद फिरवून सर्वांत लांब बाजू खाली घेतली की काम होतं.

पण घडीसुद्धा सिद्धता नव्हे. अर्ध्या अंशाची फट डोळ्याला कुठे दिसते? शिक्षकाने इथे थांबू नये, असं मला वाटतं. समांतर रेषा आणि छेदिका मुलं याच वर्षी शिकतात. कागद उलगडून A मधून BC ला समांतर रेषा काढायला सांगावी. AB ही छेदिका धरली, तर B चा कोन व्युत्क्रम कोन म्हणून A पाशी येतो. AC मुळे C चाही येतो. मधे A चा स्वतःचा कोन आहेच. घडीत D पाशी जमलेले तिघे आता A पाशी एका रेषेवर आले, आणि कोणताही त्रिकोण घेतला तरी हे असंच होणार.

तास संपायला वेळ असेल, तर घडी घातलेला आयत मोजायला द्यावा. तो ८ बाय ६, म्हणजे ४८ चौरस सेंटिमीटर भरतो. सगळीकडे कागद दुहेरी आहे, मग मूळ त्रिकोणाचं क्षेत्रफळ किती, हे मुलांनीच सांगावं.